चुणीत दडलेलं अक्षर

आत्याने पाठवलेल्या फोटोत आजीचं पत्र होतं. आजोबांना लिहिलेलं, अकरा ओळींचं, शाईच्या पेनाने. कुणीतरी एकदा ते चुरगळून बोळा केलेला आणि नंतर पुन्हा हाताने सपाट करून जपून ठेवलेलं. दोन्ही कामं एकाच माणसाची होती का, हा प्रश्न आमच्या घरात कुणी मोठ्याने विचारत नाही. मला सांगितलं एवढंच की, ‘तू ते टाईप करून दे, सगळ्यांना वाचता येईल.’

अर्ध्या तासाचं काम म्हणून बसले आणि दोन संध्याकाळी गेल्या.

फोटो उजेड डावीकडून येत असताना काढलेला. त्यामुळे प्रत्येक सुरकुतीची एक बाजू पांढरीफटक आणि दुसरी काळपट. उभ्या सुरकुतीची ही काळपट बाजू हुबेहूब काना वाटते. दुसऱ्या ओळीत मी बिनदिक्कत ‘बार वाटत नाही’ असं टाईप करून मोकळी झाले. आजी आणि बार! मग नीट पाहिलं, तर तो ‘काना’ अक्षराच्या पायाशी न थांबता खाली कोऱ्या जागेतून पुढच्या ओळीपर्यंत गेला होता, आणि वरही शिरोरेषा ओलांडून निघाला होता. शाईचा काना असं कधी करत नाही. तो जिथे संपायचा तिथे संपतो. रंगही सांगतोच: शाई निळी, सावली राखाडी. शब्द ‘बरं’ होता, आणि त्याचा अनुस्वार एका आडव्या सुरकुतीत जवळजवळ मिटला होता. तेव्हापासून प्रत्येक काना मी आधी वर-खाली तपासते.

घडी आणि चुणी यांत फरक आहे, हेही तेव्हाच कळलं. घडीवर कागदाचे तंतू तुटतात, तिथली शाई झडते आणि अक्षराच्या पोटातून एक पांढरी रेघ जाते. अक्षराचे दोन्ही तुकडे जागेवर असतात, त्यामुळे वाचता येतं. चुणी मात्र कागद स्वतःवरच दुमडते, आणि दुमड दिसते त्याच्या दुप्पट कागद आत जातो: एक थर उलटा होऊन, आणि एक त्याच्याखाली. दुमड तीन मिलिमीटरची असेल, तर सहा मिलिमीटरचं लिखाण नजरेआड होतं. वरून पाहावं तर काहीच हरवलेलं दिसत नाही. डावीकडचं अक्षर आणि उजवीकडचं अक्षर एकमेकांना चिकटून शहाण्यासारखी बसलेली असतात. मला ती जागा सापडली ती शिरोरेषेमुळे. चुणीपाशी शिरोरेषा एक पायरी खाली उतरत होती.

अशी एक चुणी आजीच्या पत्रात वरून खालपर्यंत, जराशी तिरकी गेली होती. चौथ्या ओळीत होतं ‘तब्ये जपा’. त्यातला हरवलेला ‘त’ कुणीही सांगेल. दहाव्या ओळीत ‘सगळ्यांना नमर सांगा’. म्हणजे ‘स्का’ आत गेला. आणि मधे, सातव्या ओळीत, हे:

‘मी रागाव नाही.’

रागावत नाही? रागावले नाही? रागावणार नाही? तिन्ही मराठीत बसतात, तिन्हींचा अर्थ वेगळा. तीन पिढ्यांच्या घरात तर फारच वेगळा.

इथे पहिल्यांदा त्या चुणीचा राग न येता उपयोग झाला. चौथ्या ओळीत काय गेलं ते मला पक्कं ठाऊक होतं आणि दहाव्या ओळीतही. म्हणजे चुणी वर किती गिळते आणि खाली किती, याचं माप हातात होतं. तिच्याच पत्रातले दुसरे ‘त’ आणि ‘स्का’ स्क्रीनवर मोठे करून पट्टीने मोजले: ‘स्का’ची रुंदी ‘त’च्या जवळजवळ दीडपट. चुणी खाली खोल होत गेली होती, तेव्हा सातव्या ओळीतलं गायब अक्षर ‘त’एवढं किंवा थोडं जास्त, पण ‘स्का’हून कमी असायला हवं. तिचा ‘णार’ मोजला तर अडीच ‘त’च्या वर. तो बाद. एक शक्यता कमी झाल्याचा आनंद मला नको इतका झाला.

राहिले ‘त’ आणि ‘ले’. आजीचा ‘ल’ ऐसपैस, दोन्ही गोलाई पूर्ण काढलेल्या. मोजला तर सव्वा ‘त’. जागेत दोन्ही बसतात. मग वाटलं, ‘ले’ असेल तर मात्रेचं टोक चुणीबाहेर डोकावायला हवं. पण आजी मात्रा ‘ल’च्या उभ्या दांड्यावरून निघून डावीकडे, त्या अक्षराच्याच डोक्यावर झुकवायची. अक्षर आत गेलं की मात्राही आत. पुरावा शून्य.

आत्याला फोन केला.

‘अगं, रागावले नाही असंच आहे. आई कशाला रागावेल?’

‘आत्या, ते दिसत नाही म्हणतेय मी.’

‘दिसायचं काय त्यात? मला माहीत आहे ना.’

काकाचं मत ‘रागावत नाही’. त्याच्या म्हणण्यानुसार ती चुलीवरच्या दुधासारखी होती, उतू जायची पण लगेच बसायची, आणि हे ती स्वतःबद्दल नेहमी सांगायची. दोघांचीही आई तीच.

शिलालेख आणि जुनी हस्तलिखितं वाचणाऱ्यांनी ही भांडणं फार आधी पाहिली असावीत, म्हणूनच त्यांनी खुणा ठरवून घेतल्या. 1931 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला ठरलेली पद्धत अजून चालते: नाहीसं झालेलं पण खात्रीने सांगता येणारं अक्षर चौकटी कंसात लिहायचं, आणि सांगता न येणाऱ्या अक्षरांच्या जागी कंसात तेवढे टिंब द्यायचे. अंधुक, संशयास्पद अक्षराखाली ते एक टिंब देतात. ते मात्र मी घेतलं नाही, कारण देवनागरीत अक्षराखाली टिंब दिलं की तो नुक्ता वाटतो. आणि टिंब मोजताना मी अक्षर मोजलं, संगणकाची चिन्हं नाही. संगणकाच्या हिशेबात ‘स्का’ म्हणजे स, हलन्त, क आणि काना अशी चार चिन्हं. आजीने मात्र एकच अक्षर लिहिलं होतं.

तर माझ्या प्रतीत असं उतरलं: ‘तब्ये[त] जपा’, ‘नम[स्का]र सांगा’, आणि ‘मी रागाव[.] नाही’. आत्याला तो एकटा टिंब बिलकूल आवडला नाही. ‘घरातल्या पत्रात असलं कोर्टासारखं कशाला?’

मी म्हटलं, मूळ कागद तुझ्याकडेच आहे, चुणी हलक्या हाताने उघड आणि उजेड उजवीकडून ठेवून अजून एक फोटो काढ. दाबू नकोस, ओलं करू नकोस. शेवटचं वाक्य बहुधा फोन ठेवताना बोलले.

दुसऱ्या दिवशी फोटो आला. कागद आरशासारखा सपाट. ‘ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली, बघ किती छान झालं!’ चुणी पूर्ण गेली होती. ‘रागाव’ आणि ‘नाही’ यांच्यामध्ये अखेर मोकळी जागा दिसत होती, बरोबर सव्वा ‘त’ची, आणि त्या जागेत एक निळा ढग पसरला होता.

पहिला फोटो आता तीन ठिकाणी साठवून ठेवला आहे. टिंब तसाच आहे.