पापणीची गाठ आणि मेणाच्या वडीसाठी घालवलेले 19 दिवस

त्या लॅबच्या काउंटरवरचं वाक्य मला अजून पाठ आहे: "ब्लॉक बाहेर देत नाही, हव्या तर स्लाइड न्या." हे वाक्य मी 19 दिवसांत चार वेळा ऐकलं. ब्लॉक म्हणजे बायोप्सीचा तुकडा बसवलेली मेणाची छोटी वडी. पण मुळात ती कशासाठी हवी होती, ते आधी सांगते.

उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर, जरा बाहेरच्या बाजूला, एक गाठ आली. दुखत नव्हती. घरात सगळ्यांनीच रांजणवाडी म्हटलं, मीही म्हटलं. गरम कपड्याने शेकलं, पण गेली नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी भूल देऊन पापणी उलटी केली, आतून छोटा छेद घेतला आणि गाठ खरवडून काढली. दहा मिनिटांचं काम. काढलेला गर कापसाच्या बोळ्यावर गेला आणि बोळा बादलीत. त्या बादलीची आठवण मला पुढे फार आली.

दोन महिन्यांनी गाठ पुन्हा आली, अगदी त्याच जागी. या वेळी दुसरे डॉक्टर होते. त्यांनी खरवडल्यावर थोडा भाग लॅबला पाठवला. रिपोर्ट आला: जुनाट दाह, कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत. मी सुटकेचा श्वास टाकला आणि तीन महिने आरशाकडे नीट पाहिलंही नाही.

बहिणीने पाहिलं. "अगं, तुझ्या पापणीचे केस कुठे गेले?" गाठीवरच्या भागात एकही केस नव्हता, दोन्ही बाजूंना मात्र नेहमीसारखे होते. तोवर तो डोळा सतत लाल असायचा, एकच डोळा. सकाळी उशीच्या अभ्र्यावर कधी कधी रक्ताचा तांबूस ठिपका दिसायचा. पापणीच्या कडेवर खपली धरायची, तोंड धुताना निघायची, दोन दिवसांनी परत धरायची. तो ठिपका मी तीन वेळा धुऊन टाकला होता. नख लागलं असेल, असं स्वतःला समजावत.

तिसरी डॉक्टर पापण्यांच्या शस्त्रक्रिया करणारी होती, म्हणजे ऑक्युलोप्लास्टी सर्जन. तिने पहिल्यांदा विचारलं, गाठ दोन्ही वेळा त्याच जागी होती का? मग स्लिट लॅम्पखाली पापणी उलटवून बराच वेळ पाहिलं. पापणीच्या कडेवर तेलग्रंथींची बारीक तोंडं ओळीने दिसतात. माझ्या गाठीपाशी ती ओळ पुसून गेली होती आणि आतून पिवळसर जाडी दिसत होती. शेवटी तिने कानापुढे आणि जबड्याखाली बोटांनी चाचपलं. पापणीचा कर्करोग पसरला तर बहुधा आधी तिथल्या लसिकाग्रंथींत जातो.

तिने शांतपणे सांगितलं की साध्या गाठीमुळे केस असे एका जागी सहसा झडून जात नाहीत. केसांची मुळं खाणारं काहीतरी आत वाढत असेल, तर झडतात. तिला संशय तेलग्रंथींच्या कर्करोगाचा, म्हणजे सिबेशियस कार्सिनोमाचा होता. जगभरात पापणीचा सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग दुसराच, बेसल सेल. तो बहुतेकदा खालच्या पापणीवर येतो, कडा मोत्यासारख्या चमकतात आणि मध्ये न भरणारी जखम असते. आशियात मात्र तेलग्रंथींच्या कर्करोगाचं प्रमाण बरंच जास्त. तो वरच्या पापणीत अधिक येतो, कारण तिथे या ग्रंथी जास्त असतात. आणि तो रांजणवाडीचं सोंग घेतो. कधी फक्त एकाच डोळ्याच्या कडेची न जाणारी लाली बनून राहतो, म्हणून महिनोन्महिने थेंबच चालू राहतात.

मग ती म्हणाली, "पापणीच्या पूर्ण जाडीचा छोटा तुकडा उद्याच काढू, आणि जुना ब्लॉकही मागवा." मी म्हटलं, आधी जुना ब्लॉक पाहा, परत कापायला नको. ही माझी चूक. ती दोनदा म्हणाली की थांबू नका, आणि मी दोनदा नाही म्हटलं. कापण्याची भीती होती, शिवाय मागचा रिपोर्ट चांगला होता ना! म्हणून लॅबवर रागावताना त्यातला निम्मा राग माझ्याकडे वळतो.

तर ब्लॉक. काढलेला तुकडा लॅबमध्ये पॅराफिन मेणात बसवतात आणि त्याची काडेपेटीहून लहान वडी करतात. त्या वडीचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काचेवर घेऊन रंगवले की स्लाइड तयार होते. स्लाइड म्हणजे एकच काप. वडी हातात असेल तर खोल जाऊन नवे काप घेता येतात आणि वेगळे रंग लावता येतात. सिबेशियस कार्सिनोमाच्या पेशींत चरबीचे थेंब असतात, पण मेणात बसवण्याआधीच्या द्रावणांत ती चरबी विरघळून जाते आणि पेशीत नुसती रिकामी छिद्रं उरतात. ती नजरेतून सुटू शकतात. अ‍ॅडिपोफिलिन नावाची खास चाचणी त्या थेंबांभोवतालचं प्रथिन दाखवते. तिच्यासाठी नवा काप लागतो, म्हणजे वडी लागते. काउंटरवर हे सगळं समजावत बसण्यात अर्थ नव्हता, पण मी समजावलं. दोनदा.

पहिल्या दिवशी "स्लाइड न्या". दुसऱ्या वेळी डॉक्टरांचं पत्र हवं. पत्र नेलं तर लेटरहेडवर शिक्का नाही. शिक्का आणला तर सही करणारे सर रजेवर. सर परतले तेव्हा वडी दुसऱ्या शाखेच्या कपाटात निघाली. मी तिथल्या बाकावर बसून मांडीवरच्या फाइलचा कोपरा इतका चुरगळला की तो तुटला. एका फेरीला बहीण बरोबर होती. तिने शांतपणे विचारलं, "मुदत संपल्यावर ही टाकूनच देणार ना? मग आम्हाला उसनी द्या, पोच देतो." त्यावर पहिल्यांदा कुणीतरी आत जाऊन फोन केला.

तिथेच मूळ मागणीचा फॉर्मही पाहिला. "संशयित निदान" या रकान्यात एकच शब्द होता: कॅलेझियन, म्हणजे रांजणवाडीच्या जातीची साधी गाठ. गाठ दुसऱ्यांदा आली, त्याच जागी आली, पहिल्या वेळचा गर पाठवलाच नव्हता, यातलं एक अक्षर नाही. पॅथॉलॉजिस्टने साधी गाठ समजून पाहिली आणि साधीच सापडली. म्हणून बायोप्सी देताना हा रकाना स्वतः वाचा आणि "त्याच जागी पुन्हा" हे शब्द त्यात लिहून घ्या.

वडी मिळाली. नव्या पॅथॉलॉजिस्टने खोल काप घेतले आणि एका कोपऱ्यात मूठभर छिद्राळ, वेड्यावाकड्या पेशी सापडल्या. पण निदान करायला त्या पुरेशा नव्हत्या, कारण खरवडताना बहुतेक दाहाचाच भाग आला होता. म्हणजे पूर्ण जाडीचा तुकडा काढणं आलंच. तो काढला, चार टाके पडले, आठ दिवसांनी रिपोर्ट आला: सिबेशियस कार्सिनोमा. त्या 19 दिवसांत माझ्या हाती लागलं ते एवढंच, की तुकडा काढावाच लागणार हे मला पुरतं पटलं.

पुढचं सगळं झटपट झालं. मानेची सोनोग्राफी झाली, लसिकाग्रंथी साफ होत्या. घरात कुणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता का, हेही विचारलं, कारण काही घराण्यांत हे दोन्ही एकाच आनुवंशिक दोषातून येतात. आमच्याकडे नव्हता. रक्त पातळ करणारी गोळी मी घेत होते. ती मनाने बंद करू नका, सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतात.

गाठ 5 मिलिमीटरची होती. तिच्या दोन्ही बाजूंनी निरोगी दिसणारी जवळजवळ 5 मिलिमीटर पापणी काढली, म्हणजे अर्ध्या पापणीच्या आसपास. हा कर्करोग पापणीच्या आतल्या बाजूच्या पातळ आवरणातून सलग न पसरता सुट्या ठिपक्यांसारखा सरकू शकतो. म्हणून दोन्ही पापण्यांच्या आतून अनेक ठिकाणचे कणभर तुकडे घेतले, आणि प्रत्येकाची जागा एका चित्रावर नोंदवली. कडा स्वच्छ असल्याचा पक्का रिपोर्ट येईपर्यंत पापणी जोडली नाही. मलम, ओली पट्टी आणि वर कवच लावून दोन रात्री काढल्या. कानाकडची कडा अजून बाधित निघाली, तिथली आणखी एक चकती काढली, ती स्वच्छ आली. लगेच जोडून मोकळं करा, असं मी विचारलं होतं. सर्जन म्हणाली, जोडून झाल्यावर कडा खराब निघाली तर नेमकी कुठली ते सापडत नाही.

जोडताना डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कानशिलाकडे अर्धगोल काप घेतला आणि तिथली कातडी आत सरकवली. त्यामुळे माझा डोळा उघडा राहिला. वरची पापणी बहुतेक सगळी गेली असती, तर खालच्या पापणीचा भाग वर ओढून डोळा काही आठवडे शिवूनच ठेवावा लागतो. प्रतीक्षाकक्षात माझ्या शेजारी बसणाऱ्या आजोबांना खालच्या पापणीचा बेसल सेल होता. त्यांच्या जखमेवर वर्षभर खपली धरत होती आणि पडत होती. त्यांना कानामागची कातडी लावली, आणि त्यांच्यापुरतं काम तिथेच संपलं.

सहा आठवडे डोळा नीट मिटत नव्हता. रात्री मलम, दिवसा अश्रूंचे थेंब. सरकवलेल्या भागावर केस येत नाहीत, हे आधीच सांगितलं होतं. पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी तपासणी. तेव्हा पापणी उलटवून पाहतात आणि कानापुढे चाचपतात. मी स्वतः महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी दोन्ही डोळ्यांचा फोटो काढते. बदल लक्षात यायला आरशापेक्षा ते बरं, कारण आरसा कालचं दाखवत नाही.

वडी परत करायला मी स्वतः गेले. काउंटरवर त्याच बाई होत्या. मी वडी पुढे केली आणि म्हटलं, "पोच द्या." त्या म्हणाल्या, सर रजेवर आहेत. मी बाकावर बसले आणि पोच हातात पडेपर्यंत उठले नाही.