टाचणवहीची मागची पानं

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, वय 56. हे जानेवारी 2020मध्ये गेले, हार्ट अटॅकनं. माणूस चांगला होता, हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की यांच्यात काही उणं होतं.

सुरुवात महापुरापासून करायला हवी. ऑगस्ट 2019मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली आणि गावभागातली घरं पाण्यात बुडाली. वसुधा (नाव बदललंय) माझ्याच शाळेत. तिच्या घरात माळ्यापर्यंत पाणी. ती आमच्याकडे विश्रामबागला अकरा दिवस राहिली. यांनी बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकली, आम्ही दोघी आत. लाइट नव्हती. मेणबत्तीच्या उजेडात ती ओले केस पंच्यानं झटकायची, आणि मी निवडत असलेल्या तांदळातले खडे तांदळातच राहून जायचे. पाणी ओसरलं, ती घर धुवायला गेली, आणि मी मोरीत नळ सोडून रडले. यांना वाटलं, पुराचा ताण.

मलाही तसंच वाटलं. बाईमाणसानं बाईमाणसाला जीव लावणं ही आपल्याकडे इतकी नेहमीची गोष्ट आहे, की तिच्याआड काहीही झाकलं जातं. बायका बायका गळ्यात गळे घालतात, एका ताटात जेवतात, एका अंथरुणावर झोपतात. कुणी विचारत नाही, त्यामुळे आपणही स्वतःला विचारत नाही. सप्टेंबर 2018मध्ये 377चा निकाल आला तेव्हा यांनी चहा पिता पिता बातमी मोठ्यानं वाचली होती. माझ्या डोळ्यांसमोर दोन पुरुषच आले. बायका त्यात असू शकतात हे डोक्यातही आलं नाही.

2023मध्ये वसुधा रिटायर झाली आणि नातवाला सांभाळायला मुलाकडे पुण्याला गेली. निरोप समारंभात मी भाषण केलं, घरी आले आणि पुन्हा त्याच मोरीत तेच रडणं. नवरा वारला तेव्हाही मी असं रडले नव्हते. दुःख झालं होतं, खूप झालं होतं, पण ते घरातला आधार गेल्याचं होतं. हे वेगळं होतं, हे माझ्या लक्षात आलं आणि भीती वाटली.

मास्तरकीची सवय. जुन्या टाचणवहीची मागची पानं कोरी होती, त्यावर नावं लिहायला घेतली. डी.एड.च्या होस्टेलवरची रूममेट, 1987. तिचं लग्न ठरलं तेव्हा मी तीन दिवस मेसला गेले नव्हते, पोट बिघडलंय म्हणून सांगितलं होतं. मग लग्नानंतर मिरजेला वाड्यात राहायचो तिथल्या समोरच्या वहिनी. त्या वाळवण घालायला गच्चीवर गेल्या की मलाही नेमकं गच्चीवर काम निघायचं. त्यांची बदली झाल्यावर मी वर जाणंच सोडलं. मग वसुधा. दर वेळी तेच: ती येणार म्हणून साडी बदलणं, ती गेली की जेवण न जाणं.

शेजारचं पान पुरुषांसाठी ठेवलं. प्रामाणिकपणे आठवलं. एकाच माणसाचं नाव लिहिता आलं, यांचं, आणि त्यापुढे मी लिहिलं होतं, ‘कधी आवाज चढवला नाही’. बस. संसारात ‘ते’ मला कधी हवंसं वाटलं नाही. पाळी गेल्यावर स्टाफरूममध्ये सगळ्याच म्हणायच्या, "आता नकोच बाई." मीही मान डोलवायची. त्यांचं नकोसं झालं होतं, माझं मुळातच नव्हतं, हा फरक कळायला ते पान लागलं.

‘लेस्बियन’ हा शब्द मोबाईलवर मराठीत टाइप केला आणि लगेच पुसला. असं चार-पाच वेळा झालं. मग एका समुपदेशक बाईंना फोन केला. त्यांनी नाव विचारलं नाही, घाई केली नाही. मी म्हटलं, "म्हणजे मी यांना तीस वर्षं फसवलं का?" त्या म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊक होतं का तेव्हा?" नव्हतं. तरी अजूनही फोटोला हार घालताना हात क्षणभर थांबतो.

वसुधाला सांगितलेलं नाही. तिचे मिस्टर आहेत, तिचा संसार आहे, आणि तिच्या मनात माझ्यासाठी मैत्रीच आहे हे मला दिसतं. मुलीला मात्र गेल्या महिन्यात सांगितलं. पलीकडे बराच वेळ फक्त कुकरची शिट्टी ऐकू येत होती. मग तिनं विचारलं, "बाबांना माहीत होतं?"

"मलाच नव्हतं गं."

"बरं," ती म्हणाली, आणि मग, "जेवलीस का?"

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला जायचंय. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे ‘खर्च होतो’ ही सबबही उरलेली नाही. मुलगीही तिथंच असते. वसुधाला नरसोबाच्या वाडीची कवठाची बर्फी आवडते, ती अर्धा किलो घेणार आहे. आधी कुणाकडे उतरायचं, तेवढं ठरत नाहीये.