पाच एकरांसाठी ट्रॅक्टर घ्यावा की तासावर लावावा: माझा अनुभव

घ्यायचा की नाही, हा हिशेब एका बैठकीत सुटला. माझ्या पाच एकरांत वर्षातून एकदा पल्टी नांगर, दोन्ही हंगामांत कल्टिव्हेटर, रोटाव्हेटर आणि पेरणी एवढं काम असतं. दोन फाळी नांगराला एकरी सव्वादोन तास लागतात, कल्टिव्हेटरला अर्धा, पाच फुटी रोटाव्हेटरला तासाच्या थोडं वर आणि पेरणीयंत्राला पाऊण. सगळं धरून वर्षाचे पस्तीसेक तास होतात. वाहतूक धरली तर साठ.

आता घेण्याची बाजू. पैशांऐवजी मी ‘भाड्याचे तास’ हेच माप धरलं. समजा ट्रॅक्टर आणि अवजारांची किंमत हजार तासांच्या भाड्याएवढी आहे आणि दहा वर्षांनी त्यातली दहावा भाग किंमत परत येते. मग घसारा वर्षाला 90 तासांचा. सरासरी गुंतवणूक 550 तासांची, तिच्यावर 10 टक्क्यांनी व्याज 55 तासांचं. विमा आणि शेडचे 20. म्हणजे ट्रॅक्टर नुसता उभा राहिला तरी वर्षाला 165 तासांचं भाडं खातो. चालवताना डिझेल, ऑइल आणि चालक यांत भाड्याचा निम्मा भाग जातो, म्हणून स्वतःच्या प्रत्येक तासामागे वाचतो तो अर्धाच तास. बरोबरीला येण्यासाठी 330 तास काम हवं आणि माझ्याकडे साठ. उरलेले दुसऱ्यांच्या रानात चालवणार असाल तर घ्या, पण मग तो वेगळा धंदा झाला. तुमच्याकडचे आकडे घालून बघा. व्याज आणि भाडं बदललं की उत्तर सरकतं, पण साठापर्यंत खाली येणं अवघड.

तर तासावर लावायचं ठरलं आणि खरी कटकट तिथेच सुरू झाली. तास मोजायचा कशावर?

चालक मनगटावरच्या घड्याळावर मोजतो, मी डॅशबोर्डवरच्या मीटरवर, आणि दोन्ही जुळत नाहीत. यात लबाडी असेलच असं नाही. जुन्या ट्रॅक्टरचं यांत्रिक मीटर इंजिनच्या फेऱ्यांवर चालतं. मिनिटाला ठरलेल्या फेऱ्या, समजा 1500, असतील तरच त्यावर घड्याळाएवढा तास पडतो. इंजिन 1000 फेऱ्यांवर चालवलं तर घड्याळाच्या तासाला मीटरवर चाळीसच मिनिटं दिसतात. उलट नवं इलेक्ट्रॉनिक मीटर इंजिन चालू असलेला वेळ मोजतं, मग ट्रॅक्टर बांधावर उभा राहून चालकाचा फोन चालला असला तरी. त्यामुळे कोणतं मीटर आहे ते आधी विचारा, आणि रस्त्यावरून येण्याजाण्याचा वेळ धरायचा की नाही हेही काम सुरू व्हायच्या आधीच बोलून घ्या. नंतर बोललात की भांडण होतं. माझं झालं आणि त्याचा राग अजून आहे.

पण तासांतला मोठा फरक मीटरमुळे पडत नाही, तो वळणांत असतो. माझा एक तुकडा जवळजवळ एकराचा, 100 मीटर लांब आणि 40 मीटर रुंद. रोटाव्हेटर दीड मीटरचा, वेग तासाला तीन किलोमीटर. लांबीच्या दिशेने चालवलं तर 27 फेऱ्या आणि 26 वळणं. एका वळणाला 20 सेकंद धरले तर वळण्यातच नऊ मिनिटं जातात. तेच आडवं चालवलं तर 67 फेऱ्या, 66 वळणं, बावीस मिनिटं. माती फिरवण्याचा वेळ दोन्हीकडे 54 मिनिटंच. म्हणजे नुसत्या दिशेमुळे एकरी तेरा मिनिटांचा फरक, पाच एकरांत तासाहून जास्त. चालकाला आडवं का सोयीचं वाटलं? रस्ता त्या बाजूला होता, एवढंच. शिवाय फेऱ्या एकमेकींवर जितक्या चढतील तितकी वेळेत भर. उतार असेल तर मात्र पाणी अडवण्यासाठी उताराला आडवंच चालवा. तिथे तासांकडे बघू नका.

मग एकरावर ठरवावं का? मी नांगरटीला तसंच करतो, पण त्याचाही तोटा आहे. तासावर लावलेला चालक खालच्या गिअरमध्ये रेंगाळतो, एकरावरचा वरचा गिअर टाकून पळतो. पळाला की नांगर वर येतो. चालक रानात असतानाच चालून गेलेल्या पट्ट्यात काठी खुपसून खोली बघा. नांगराची वीत, म्हणजे वीस सेंटिमीटर, आणि रोटाव्हेटरची त्याच्या निम्मी. एकाच जागी बघू नका. बांधाजवळ आणि मधोमध दोन्हीकडे बघा.

वापसा आला की सगळ्या शिवाराला ट्रॅक्टर एकाच दिवशी हवा असतो, आणि स्वतःचा घ्यावासा वाटतो तो नेमका तेव्हाच. म्हणून नांगरट मी पाऊस लागण्याआधी, मागणी कमी असताना उरकतो. मग वापशावर कल्टिव्हेटर आणि पेरणीच उरते. घाईत ओल्या रानात ट्रॅक्टर घालू नका. मूठभर माती वळून बघा. गोळा टाकल्यावर फुटला नाही तर अजून थांबा.

रोटाव्हेटरची पातीही जोडण्याआधी बघा. टोकं झिजून गोल झाली असतील तर ढेकळं तशीच राहतात, दुसरी पाळी घालावी लागते, आणि तिचेही तास तुमच्याच नावावर लागतात.