आमची वाटचाल : छातीवरची अक्षरं

आमचा फोटो एडिटिंगचा व्यवसाय पार्श्वभूमी कापण्याच्या कामांवर उभा राहिला. फोटोतल्या टी-शर्टवरची छपाई राखण्या-पुसण्याची कामं मागाहून आली आणि टिकली. त्यात गिऱ्हाइकाची मागणी दोनपैकी एक असते : लोगो नीट वाचता आला पाहिजे, नाहीतर तो अजिबात दिसता कामा नये. पुसणं सोपं असं बाहेरच्यांना वाटतं. आम्हाला विचाराल तर तेच जास्त चिवट.

एका संस्थेच्या ग्रुप फोटोत सगळ्यांचे टी-शर्ट पांढरे आणि छातीवर लाल घोषवाक्य होतं. प्रायोजक बदलल्यामुळे ते काढायचं होतं. फोटोशॉपच्या Clone Stamp ने शेजारचं कापड वर चढवलं की अक्षरं जातात, पण त्यांच्यातून जाणाऱ्या सुरकुत्याही जातात आणि छाती पुठ्ठ्यासारखी सपाट दिसते. म्हणून आम्ही आधी Channels मध्ये, म्हणजे फोटोतला लाल, हिरवा आणि निळा प्रकाश वेगवेगळा दिसतो तिथे, जाऊन फक्त Red पाहिला. लाल शाई लाल प्रकाश जवळजवळ पांढऱ्या कापडाइतकाच परतवते. त्यामुळे तिथे अक्षरं अगदी फिकट होतात आणि सुरकुत्यांच्या सावल्या जागच्या जागी राहतात. तो चॅनल करड्या लेयरच्या रूपात वर ठेवला, मास्कने फक्त अक्षरांपुरता उघडला आणि शेजारच्या कापडाची किंचित निळसर झाक Color मोडमध्ये दिली.

एवढ्यावर काम संपत नाही. रबरी छपाईला जाडी असते, तिची कड बारीक सावली टाकते. ती Healing Brush ने हाताने काढावी लागते. शाईखालची वीणही झाकलेली असते, म्हणून तिथे कापडाचा पोत उसना आणावा लागतो. मग सगळ्यात वर तात्पुरता Curves चढवून कॉन्ट्रास्ट बेसुमार वाढवायचा. कुठे अक्षराचं भूत उरलं असेल तर ते तेव्हाच दिसतं. ही तपासणी झाल्याशिवाय आमच्याकडून फाइल जात नाही. काळ्या छपाईला मात्र ही युक्ती चालत नाही, कारण काळी शाई तिन्ही चॅनलमध्ये काळीच. तिथे सुरकुत्या हाताने पुन्हा रंगवाव्या लागतात आणि आम्ही दरही तसाच लावतो.

लोगो राखायच्या कामात खरा धोका Liquify चा, म्हणजे चित्र ढकलून आकार बदलणाऱ्या साधनाचा. कंबर बारीक करताना लहान ब्रश वापरला की अक्षरांच्या उभ्या रेषा लाटांसारख्या वळतात. Freeze Mask ने अक्षरं गोठवली तरी मास्कच्या कडेला कापड मुरगळतं. त्यापेक्षा अख्ख्या शब्दाहून मोठा ब्रश घेऊन हलका दाब द्यावा, म्हणजे शब्द एकसंध सरकतो. घडीत अर्धं गेलेलं अक्षर पूर्ण करून द्या, असा आग्रह काही गिऱ्हाइकं धरतात. आम्ही ते करत नाही. घडीवरून सरळ चालत जाणारं अक्षर स्टिकर चिकटवल्यासारखं दिसतं. त्याऐवजी त्याच शूटमधली, कापड ताणलेलं असलेली दुसरी फ्रेम मागून घेतो.