32 हजारांचे 51,200 कसे झाले

आमच्याकडे पगारवाढीचं पत्र ऑगस्टमध्ये हातात पडतं. या वर्षी पत्रासोबत एचआरने प्रत्येकाला एक छापील तक्ता दिला. माझ्या तक्त्यात लिहिलं होतं: जून 2015 चा पगार 32,000, आजच्या किमतीत 47,370. सध्याचा पगार 63,000. म्हणजे महागाई वजा जाता 33 टक्के वाढ. कागद बघून मलाच वाटलं, आपण उगाच कुरकुर करतो.

रबाळे ते ऐरोली रिक्षात बसल्या बसल्या मात्र खटकलं. माझ्या खात्यात 63 हजार कधी आलेत?

घरी आल्यावर जुनी फाइल काढली. बायकोने कधीकाळी सगळ्या पगाराच्या स्लिपा महिन्यावार लावून ठेवल्यात, म्हणून काम सोपं झालं. 2015 च्या स्लिपवरचे 32 हजार हा ग्रॉस होता, म्हणजे बेसिक, घरभाडे भत्ता आणि बाकीचे भत्ते. तक्त्यातले 63 हजार होते सीटीसी, म्हणजे कंपनीचा माझ्यावरचा एकूण खर्च. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1,800, ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण 1,300, मेडिक्लेमचा हप्ता 900 आणि वर्षअखेरीस मिळालाच तर मिळणारा व्हेरिएबल, महिन्याला 5,000 धरून. हे सगळं काढलं की जून 2025 चा ग्रॉस उरतो 54 हजार. एका बाजूला ग्रॉस आणि दुसऱ्या बाजूला सीटीसी ठेवलं, तर पुढचं गणित कितीही बिनचूक असो, उत्तर चुकणारच.

आता प्रश्न 47,370 चा. हा आकडा आला कुठून? खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: 376 भागिले 254. हे आयकर खात्याच्या कॉस्ट इन्फ्लेशन इंडेक्सचे आकडे आहेत, 2025-26 आणि 2015-16 चे. हा निर्देशांक मालमत्ता विकल्यावर भांडवली नफा काढण्यासाठी असतो, आणि त्यात शहरी किरकोळ महागाईच्या सरासरी वाढीचा फक्त 75 टक्के हिस्सा धरतात. पगाराला तो लावला की महागाईचा पाव भाग हिशेबातून आपोआप गळतो.

मग बरोबर निर्देशांक कोणता? औद्योगिक कामगारांसाठी लेबर ब्युरो दर महिन्याला ग्राहक किंमत निर्देशांक काढतं, CPI-IW. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता यावरच ठरतो. मी जून 2015 चा आकडा शोधला: 261. जून 2025 चा: 145.0. भागाकार केला, 0.56. या हिशेबाने दहा वर्षांत किमती 44 टक्क्यांनी उतरल्या होत्या आणि माझ्या 32 हजारांची आजची किंमत 18 हजारांच्या आतच होती! पुन्हा भागून बघितलं, तेच. टेबलात काहीतरी गडबड आहे असं समजून झोपलो.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकांना विचारलं. ते केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेत आणि महागाई भत्त्याचा आकडा जाहीर व्हायच्या आधीच काढून बसतात. कागद बघून हसलेच.

"अरे, आधारवर्ष बघितलंस का?"

261 च्या रकान्यावर 2001=100 होतं, म्हणजे 2001 च्या किमती 100 धरलेल्या, आणि 145.0 च्या रकान्यावर 2016=100. माझी नजर गेलीच नव्हती. काकांनी त्याच टेबलात बोट खाली आणलं. ऑगस्ट 2020 ला निर्देशांक 338, आणि पुढच्याच महिन्यात, सप्टेंबरला, 118.1. महिन्याभरात किमती अशा कोसळत नाहीत. तिथे नवी मालिका सुरू झालीय. दोन मालिका जोडायला लेबर ब्युरोने अखिल भारतीय आकड्यासाठी जोडगुणक दिलाय, 2.88. नव्या आकड्याला 2.88 ने गुणलं की तो जुन्या मोजपट्टीवर येतो. 118.1 ला गुणून बघा, 340 येतात, म्हणजे 338 च्या शेजारीच.

"आणि मुंबई केंद्राचा आकडा घेणार असशील तर त्याचा गुणक वेगळा, हा लावू नकोस," काका म्हणाले.

मग वहीत असं लिहिलं:

```
145.0 × 2.88 = 417.6
417.6 ÷ 261 = 1.60
32,000 × 1.60 = 51,200
```

दोन्ही आकडे जूनचेच घेतले, कारण भाजीचे भाव पावसाळ्यात आणि हिवाळ्यात एकसारखे नसतात. जून 2015 ची तुलना डिसेंबरशी केली तर ऋतूचा फरकही महागाईत मोजला जातो. काकांना एका महिन्यावर भरवसा ठेवणं मुळातच पसंत नाही. त्यांनी दोन्हीकडच्या बारा बारा महिन्यांची सरासरी काढली, तर 1.625 आलं, म्हणजे 52 हजार. फार फरक नाही. मी 51,200 वर थांबलो.

म्हणजे 54 हजारांत खरी वाढ साडेपाच टक्के. दहा वर्षांची मिळून. तक्त्यातले 33 टक्के ते हेच.

पण 1.60 ही देशभरातल्या कामगार कुटुंबांच्या सरासरी खर्चाची पट आहे. त्या खर्चात घराला 16.87 टक्के वजन आहे. मी 2015 ला ऐरोलीत वन बीएचकेचं 12 हजार भाडं भरत होतो, पगाराच्या 37 टक्क्यांहून जास्त. आज त्याच सेक्टरात तेवढ्याच घराला 21 हजार देतो. उलट लोकलचं कमीत कमी तिकीट तेव्हाही 5 रुपये होतं, आजही 5 आहे. बाकीचे 20 हजार 1.60 ने वाढवले, 32 हजार झाले. त्यात भाड्याचे 21 मिळवले, 53 हजार. हिशेब ढोबळ आहे, कारण 1.60 मध्ये घरभाडं आधीच थोडं मिसळलेलं आहे आणि पगार कोणी सगळाच्या सगळा खर्च करत नाही. पण माझ्या घरापुरती खरी वाढ हजार रुपयांच्या आसपास आहे, एवढं त्यातून दिसतं.

हा कागद घेऊन एचआरच्या मॅडमना भेटलो. ग्रॉस-सीटीसीची चूक त्यांनी लगेच मान्य केली. निर्देशांकाबद्दल म्हणाल्या, "तो वरूनच आलाय." वाढ आहे तेवढीच राहिली. पुढच्या वर्षी तक्त्यात CPI-IW वापरायचा विचार करू म्हणाल्या. बघू.

परतताना मात्र वेगळाच आकडा डोक्यात राहिला. 2015 ला मी चार वर्षांच्या अनुभवावर स्टोअर्सच्या ज्या खुर्चीत होतो, तिथे आता एक मुलगा बसतो. त्याचाही अनुभव चार वर्षांचाच. त्याला 38 हजार मिळतात. त्या खुर्चीचे 2015 चे 32 हजार आज 51,200 व्हायला हवेत. 38 हजारांना 1.60 ने भागलं तर येतात 23,750. म्हणजे माझे जे साडेपाच टक्के वाढले, ते दहा वर्षं जास्त काम केल्याचे आहेत. ते काम मात्र पाव हिश्श्याहून जास्त स्वस्त झालंय.

आणि गेल्या दिवाळीत चहा पिताना मीच त्याला म्हणालो होतो, "तुमची मजा आहे रे, आमच्या वेळी याच कामाचे 32 मिळायचे." तोही मान डोलावून हो म्हणाला होता. वहीतलं ते पान अजून त्याला दाखवलेलं नाही.