तुम्ही विचारलंत म्हणून : 'माहिती घेऊन सांगतो'च्या पुढचा प्रश्न

"ताई, साहेब बोलायलाच तयार नसतात, दोन मिनिटांत 'माहिती घेऊन सांगतो' म्हणून वाटेला लावतात. अशा माणसाकडे प्रश्न काय घेऊन जायचे?"

मी प्रश्नांची यादी करतच नाही, उत्तरांची करते. वहीत एक प्रश्न लिहायचा, त्याखाली साहेब काय म्हणतील ते त्यांच्याच भाषेत लिहायचं, आणि त्याखाली आपला पुढचा प्रश्न. कारण पहिल्या प्रश्नाला टाळायचं उत्तर तोंडपाठ असतं, बातमी बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्यात निघते.

जलजीवन मिशनच्या एका योजनेचं सांगते. गावात नळ बसलेले, टाकी उभी, पोर्टलवर गावातल्या सगळ्या घरांना जोडणी दाखवलेली आणि बायका अजून हातपंपावर. योजनेचं माप आहे माणशी रोज ५५ लिटर, इथे थेंब नाही. पाणीपुरवठा विभागाच्या अभियंत्यांना भेटायचं होतं. आता यावर "पाणी का येत नाही?" असं विचारलं की संपलं, कारण 'का'ला कितीही लांब गोष्ट सांगता येते, ठेकेदार, पाऊस, गावातलं राजकारण, आणि आपण मान डोलवत लिहून घेतो.

म्हणून आधी कागद. कार्यारंभ आदेश बघितला की काम कधी संपायचं होतं ते कळतं, मोजमाप पुस्तकात काय काय झालं म्हणून नोंदलंय ते कळतं. महाराष्ट्रात जिल्हा पातळीवरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत सोमवारी दुपारी ३ ते ५ फाइल बघू देण्याची सोय २०१८ च्या शासन निर्णयाने आहे, ती वापरा, माहिती अधिकारात अर्ज करून ३० दिवस थांबण्याआधी निदान हे तरी करा. आणि पोर्टलवर गाव नुसतं 'हर घर जल' म्हणून कळवलेलं आहे की ग्रामसभेच्या ठरावाने प्रमाणित झालंय, हे नक्की बघा, दोन्हींत मोठा फरक आहे. आमच्या गावाचा ठराव झालेलाच नव्हता.

मग वहीत असं उतरलं. मी : काम पूर्ण झालंय का? साहेब : अंतिम टप्प्यात आहे. मी : कुठलं काम राहिलंय? साहेब : किरकोळ आहे. मी : विहिरीवरच्या पंपाला वीजजोडणी आहे का? ही जागा आधी गावात जाऊन बघितलेली होती, पंपाच्या खोलीत मीटरची पेटीच नव्हती. आणि त्याखाली, "अर्ज केलाय" असं म्हणाले तर : वीजजोडणीच्या पैशांचं कोटेशन भरलं का, कुठल्या तारखेला?

प्रत्यक्षात जवळपास असंच झालं. 'किरकोळ' शब्द आला, मी विजेचं विचारलं आणि साहेब गप्प झाले. तेव्हा मध्ये बोलायचं नाही हो! आपल्यालाच अवघडतं आणि आपण "म्हणजे बहुतेक प्रोसेसमध्ये असेल ना?" असं त्यांचं उत्तर त्यांच्या हातात देतो. पेन धरून बसायचं. थोड्या वेळाने ते म्हणाले, कोटेशन अजून भरलेलं नाही. बातमी ती होती. पुढे एकच विचारलं, मग पोर्टलवर जोडण्या पूर्ण अशी नोंद कुणाच्या सहीने गेली?

एका वाक्यात एकच प्रश्न. "कोटेशन का नाही भरलं आणि ठेकेदाराचं बिल कसं निघालं?" असं जोडून विचारलं की माणूस सोप्या अर्ध्याचं उत्तर देतो आणि अवघड अर्धं हवेत राहतं.

'माझ्या काळातलं नाही' हे हमखास येतं, आणि खरंही असू शकतं, बदल्या होतातच. त्यावर वाद घालू नका, "तुम्ही चार्ज घेतल्यापासून या फाइलवर काय झालं?" एवढंच विचारा. 'माहिती घेऊन सांगतो' आलं की कुणाकडून घेणार आणि आज किती वाजता फोन करू ते विचारायचं, त्या वेळेला फोन करायचाच, आणि तेच प्रश्न लेखी पाठवून बातमी कधी जाणार ती वेळही कळवायची. 'ऑफ द रेकॉर्ड सांगतो' म्हणाले तर तिथेच थांबवून ठरवून घ्या, नाव नको आहे की छापायचंच नाही, बोलून झाल्यावर त्याचा गोंधळ होतो. काही जणांना खरंच वरून बोलायची परवानगी नसते, तिथे मत मागू नका, फक्त कागदावरच्या तारखा बरोबर आहेत का एवढं विचारा, बरेचदा तेवढं मिळतं.

उठायच्या आधी मी त्यांचं वाक्य त्यांना वाचून दाखवते. आकडा चुकला असेल तर दुरुस्त करू देते, म्हटलेलं मागे घ्यायला मात्र नाही. त्या दिवशी साहेबांनी 'भरलेलं नाही'च्या पुढे 'निधीअभावी' एवढं जोडायला सांगितलं, मी ते जोडलं आणि लगेच विचारलं, निधी मागितल्याचं पत्र कुठल्या तारखेचं आहे?