उंच रंग, अरुंद खांब

"उत्तरेच्या खांबात टॉवेलचा रंग सगळ्यात उंच चढलाय. म्हणजे टॉवेल तिकडेच सगळ्यात जास्त खपतो ना?"

नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो, कारण सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यांचे हिशेब मी बघतो, तिथे भागवार विक्रीचा हा खांबांचा तक्ता समोर ठेवला की पहिली नजर उंचीवरच जाते.

या तक्त्याला मारिमेको म्हणतात. मोठमोठ्या ठळक नक्षीच्या कापडांसाठी प्रसिद्ध असलेल्या फिनलंडच्या कंपनीवरून हे नाव पडलं. चादरीच्या गावाला ते परकं वाटू नये.

समजण्यासाठी सोपे आकडे घेऊ. एकूण विक्री 100 लाख: महाराष्ट्र 50, दक्षिण 30, उत्तर 20. खांबांची रुंदी याच प्रमाणात असते, म्हणून महाराष्ट्राचा खांब उत्तरेच्या अडीचपट रुंद. उंची मात्र सगळ्यांची सारखीच, 100 टक्के. त्या उंचीत तळाशी टॉवेल, मध्ये चादर, वर नॅपकिन. टॉवेलचा वाटा महाराष्ट्रात 30 टक्के, दक्षिणेत 40, उत्तरेत 70.

आता रुंदी आणि उंची गुणा. महाराष्ट्रात 50 लाखांचे 30 टक्के म्हणजे 15 लाख, दक्षिणेत 12, उत्तरेत 14. तो बुटका, पसरट तुकडाच सगळ्यात मोठा निघाला! उंची सांगते की त्या भागातलं गिऱ्हाईक काय पसंत करतं; पैसा किती, हे तुकड्याचं क्षेत्रफळ सांगतं.

एका कारखानदारांनी अशाच टक्क्यांची सरळ सरासरी काढून टॉवेलचा एकूण वाटा धरला आणि तेवढ्या हिशेबानं सूत मागवलं. आपल्या आकड्यांत 30, 40 आणि 70 ची सरासरी जवळपास 47 टक्के येते. खरा वाटा 15, 12 आणि 14 ची बेरीज, म्हणजे 41 टक्के. सरासरी काढताना त्यांनी तिन्ही खांब सारखेच रुंद मानले होते. जादाचं सूत बरेच दिवस गोदामात पडून राहिलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

चादर वाचताना जास्त जपा. टॉवेल तळापासून सुरू होतो, म्हणून त्याच्या उंचीची तुलना डोळ्यांना जमते. चादरीचा तुकडा प्रत्येक खांबात वेगळ्या उंचीवरून सुरू होतो, तिथे डोळा फसतो. शिवाय पसरट आणि उभट तुकड्यांतला मोठा कोणता, हेही नुसत्या नजरेनं नीट कळत नाही. म्हणून मी प्रत्येक तुकड्यात टक्का आणि खांबाच्या डोक्यावर लाखांचा आकडा लिहूनच घेतो.

कधी कधी तक्ता करणाराच सगळे खांब सारख्या रुंदीचे काढतो. शंका आली तर पट्टी लावा: खांबांमध्ये फट नसेल आणि तक्ता 10 सेंटिमीटर रुंद असेल, तर महाराष्ट्र 5 आणि उत्तर 2 भरायला हवा.

आणि दोन वर्षांचे तक्ते शेजारी ठेवलेत तर दोन्ही चौकोन एकाच मापाचे दिसतील, मग विक्री 100 लाखांवरून 80 वर आलेली का असेना. एकूण रक्कम मथळ्यातच लिहायला सांगा.